विक्री १० टक्के घसरली, ईपीएस ४० टक्के का घसरला?

कंपनीचा निकाल लागतो. विक्री १० टक्क्यांनी कमी झालेली असते आणि प्रति समभाग मिळकत, म्हणजे ईपीएस, ४० टक्क्यांनी. शेअर बाजारात नव्याने आलेल्या माणसाला वाटते, हिशेबात काहीतरी दडवले आहे. बहुतेक वेळा तसे काही नसते. कंपनीचा स्थिर खर्च किती आणि व्याज किती, हे माहीत असते तर ही ४० टक्क्यांची घसरण निकालाआधीच कागदावर मांडता आली असती. स्थिर खर्च आणि व्याज यांमुळे विक्रीतला बदल नफ्यात असा मोठा होऊन उतरतो, त्याला लिव्हरेज म्हणतात; त्यातली व्याजामुळे येणारी, म्हणजे वित्तीय लिव्हरेज, हा आपला मुख्य विषय. ती कशी मांडायची, हेच इथे एका उदाहरणातून पायरीपायरीने पाहू. वही आणि कॅल्क्युलेटर जवळ असू द्या. प्रत्येक आकडा स्वतः काढून पाहिला तर गोष्ट कायमची लक्षात राहते.

उदाहरणासाठी कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत असतात तशी एक फौंड्री घेऊ, वाहनांसाठी कास्टिंग करून देणारी. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत, पण खर्चाची ठेवण खऱ्या धंद्यासारखीच आहे.

पहिली पायरी: खर्चाचे दोन ढीग करा

फौंड्रीची वर्षाची विक्री ४० कोटी रुपये. आता प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: उद्या माल कमी काढला तर हा खर्च कमी होईल का? भंगार, पिग आयर्न, मोल्डिंगची वाळू, बाइंडर, गाडीभाडे हे सगळे मालाबरोबर कमी-जास्त होते. हा बदलता खर्च. आपल्या फौंड्रीत तो विक्रीच्या ६० टक्के, म्हणजे २४ कोटी आहे. कायम कामगारांचे पगार, जागेचे भाडे, विमा, यंत्रांचा घसारा हे माल निघो न निघो, द्यावे किंवा मांडावेच लागतात. हा स्थिर खर्च, १० कोटी.

काही खर्च दोन्हीकडे पाय ठेवून असतात. इंडक्शन भट्टीचे विजेचे बिल घ्या. त्यातला मागणी आकार हा वीज कंपनीशी करारात ठरलेल्या मागणीवर आणि नोंदल्या गेलेल्या कमाल मागणीवर ठरतो, भट्टी किती तास चालली यावर नाही. वीज आकार मात्र वापरलेल्या युनिटांवर. म्हणून पहिला भाग मुख्यतः स्थिर ढिगात आणि दुसरा बदलत्या ढिगात टाकायचा. अख्खे बिल एकाच ढिगात टाकले तर पुढची सगळी गुणोत्तरे चुकतात, आणि फौंड्रीत वीज हा काही किरकोळ खर्च नव्हे.

विक्रीतून बदलता खर्च वजा केला की उरते ते अंशदान: ४० वजा २४, म्हणजे १६ कोटी. त्यातून १० कोटी स्थिर खर्च गेला की ६ कोटी उरतात. हा व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा, ईबीआयटी.

दुसरी पायरी: व्याजाच्या खाली उतरा

या फौंड्रीवर २० कोटींचे कर्ज आहे, व्याज १० टक्के. वर्षाला २ कोटी बँकेला. उरले ४ कोटी. कर आपण सरसकट २५ टक्के धरू. सवलतीचा दर निवडलेल्या देशी कंपनीला अधिभार आणि उपकर धरून तो साधारण २५.१७ टक्के पडतो, त्यामुळे आपला आकडा वास्तवाच्या जवळच आहे. कर १ कोटी, निव्वळ नफा ३ कोटी. समभाग ३० लाख. ईपीएस १० रुपये.

आता विक्री १० टक्क्यांनी इकडे आणि तिकडे हलवून पाहू. रकमा कोटी रुपयांत आहेत, शेवटची ओळ रुपयांत.

| | १० टक्के घट | आज | १० टक्के वाढ |
|---|---|---|---|
| विक्री | ३६ | ४० | ४४ |
| बदलता खर्च | २१.६ | २४ | २६.४ |
| अंशदान | १४.४ | १६ | १७.६ |
| स्थिर खर्च | १० | १० | १० |
| ईबीआयटी | ४.४ | ६ | ७.६ |
| व्याज | २ | २ | २ |
| करपूर्व नफा | २.४ | ४ | ५.६ |
| कर | ०.६ | १ | १.४ |
| निव्वळ नफा | १.८ | ३ | ४.२ |
| ईपीएस | ६ | १० | १४ |

विक्री १० टक्के खाली, ईपीएस ४० टक्के खाली. विक्री १० टक्के वर, ईपीएस ४० टक्के वर.

तिसरी पायरी: १.६ कोटींचा माग काढा

इथे थोडे थांबा, कारण सगळे मर्म याच तक्त्यात आहे. विक्री घटल्यावर अंशदान १.६ कोटींनी कमी झाले. ईबीआयटीही १.६ कोटींनीच कमी झाला. करपूर्व नफाही १.६ कोटींनीच. रक्कम एक रुपयाने वाढलेली नाही. बदलत गेला तो छेद. १६ कोटींच्या अंशदानात १.६ कोटी म्हणजे १० टक्के. ६ कोटींच्या ईबीआयटीत तेच १.६ कोटी म्हणजे २६.६७ टक्के. ४ कोटींच्या करपूर्व नफ्यात तेच ४० टक्के. स्थिर खर्चाने आणि व्याजाने आपापला वाटा आधी उचलला, घट सोसायला दोघांनीही नकार दिला, म्हणून ती सगळी उरलेल्या लहान रकमेवर येऊन पडली.

या दोन उड्यांना मोजमाप आहे. पहिली उडी स्थिर खर्चामुळे. ती परिचालन लिव्हरेजची पातळी:

डीओएल = अंशदान ÷ ईबीआयटी = १६ ÷ ६ = २.६७

दुसरी व्याजामुळे. आपला मुख्य विषय, म्हणजे वित्तीय लिव्हरेजची पातळी, ती हीच:

डीएफएल = ईबीआयटी ÷ (ईबीआयटी − व्याज) = ६ ÷ ४ = १.५

आणि दोन्ही मिळून झालेली संयुक्त लिव्हरेज:

डीसीएल = अंशदान ÷ (ईबीआयटी − व्याज) = १६ ÷ ४ = ४

डीसीएल हा आधीच्या दोघांचा गुणाकार असतो, बेरीज नव्हे. नवशिके अनेकदा २.६७ आणि १.५ मिळवून ४.१७ काढतात, आपल्या आकड्यांत उत्तर जवळपास येते, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. डीओएल ५ आणि डीएफएल ३ असेल तर बेरीज ८ आणि खरा परिणाम १५. विक्रीत १ टक्का बदल झाला तर ईपीएस १५ टक्के हलेल.

सूत्रात कर कुठेच नाही, याचे कारणही सोपे आहे. ४ कोटींतून २५ टक्के गेले आणि २.४ कोटींतूनही २५ टक्केच गेले. दोन्हीकडून सारखाच हिस्सा गेला की टक्केवारीतला बदल तसाच राहतो. नफा घटला की करही घटतो; व्याज घटत नाही. कर आणि व्याज यांतला हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

चौथी पायरी: कर्ज नसते तर काय झाले असते ते मांडा

४० टक्क्यांतले किती धंद्यामुळे आणि किती कर्जामुळे, हे कळायला तीच फौंड्री बिनकर्जाची करून पाहायची. समजा ते २० कोटी कर्जाऐवजी १०० रुपये दराने नवे समभाग काढून उभे केले असते. २० लाख समभाग वाढले असते, एकूण ५० लाख. व्याज शून्य. ६ कोटींवर दीड कोटी कर, निव्वळ नफा ४.५ कोटी, ईपीएस ९ रुपये.

विक्री १० टक्के घटली तर ईबीआयटी ४.४ कोटी, निव्वळ नफा ३.३ कोटी, ईपीएस ६.६० रुपये. घट २६.६७ टक्के, म्हणजे ईबीआयटीइतकीच. इथे डीएफएल १ आहे. विक्री वाढली तर ईपीएस ११.४०.

दोन्ही शेजारी ठेवा. आजच्या विक्रीवर कर्जवाली फौंड्री १० रुपये दाखवते आणि बिनकर्जाची ९. विक्री वाढली तर १४ आणि ११.४०. पण घटली तर कर्जवालीचे ६ आणि बिनकर्जाचीचे ६.६०. म्हणजे मध्येच कुठेतरी दोघी सारख्या होतात. तो बिंदू ईबीआयटी ५ कोटींवर आहे: कर्जवालीचे ३ कोटी उरतात, करानंतर २.२५ कोटी, ३० लाख समभागांवर ७.५० रुपये, बिनकर्जाचीचे करानंतर ३.७५ कोटी, ५० लाख समभागांवर ७.५० रुपये.

हा ५ कोटींचा आकडा कुठून आला ते समजले की कर्जाचा सगळा व्यवहार समजतो. १०० रुपये दराने ५० लाख समभाग म्हणजे ५० कोटींचे भांडवल, आणि त्यावर १० टक्के म्हणजे ५ कोटी. धंदा एकूण भांडवलावर कर्जाच्या व्याजदरापेक्षा जास्त कमावतो तोवर कर्ज मालकांचा ईपीएस वर नेते. कमाई त्या दराखाली गेली की तेच कर्ज ईपीएस खाली ओढते. आपल्या फौंड्रीत तो बिंदू विक्री ३७.५ कोटींवर येते तेव्हा येतो, म्हणजे फक्त सव्वासहा टक्के खाली. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्यासाठी सव्वासहा टक्क्यांची घट ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मला विचाराल तर अशा धंद्यात एवढे कर्ज काठावरचे आहे, आज ईपीएस १ रुपयाने जास्त दिसत असला तरी.

पाचवी पायरी: शून्य किती दूर आहे ते काढा

डीसीएलचा एक उपयोग मला सर्वांत कामाचा वाटतो आणि तो फारसा कोणी वापरत नाही. १०० ला डीसीएलने भागा. १०० ÷ ४ = २५. विक्री २५ टक्क्यांनी घटली की ईपीएस शून्य. पडताळून पाहा: विक्री ३० कोटी, अंशदान १२, स्थिर खर्च १०, ईबीआयटी २, व्याज २, उरले शून्य. डीसीएल ४ म्हटल्यावर चांगले की वाईट ते चटकन कळत नाही. चौथा हिस्सा ऑर्डरी गेल्या की नफा संपला, हे लगेच कळते.

यातूनच पुढची गोष्ट निघते. डीएफएल हा कंपनीच्या अंगावर कायमचा लिहिलेला आकडा नाही; कंपनी आज नफ्याच्या कोणत्या पातळीवर उभी आहे त्याचा तो आकडा आहे. विक्री ३६ कोटींवर आल्यानंतर पुन्हा मोजा. डीएफएल ४.४ ÷ २.४, म्हणजे १.८३. डीसीएल १४.४ ÷ २.४, म्हणजे ६. कर्जात एक रुपयाची भर पडलेली नाही, व्याजदर तोच, तरी लिव्हरेज वाढली. आता विक्री आणखी १० टक्के घटून ३२.४ कोटींवर गेली तर ईपीएस ६ वरून २.४० वर येतो. ६० टक्के घट. पहिल्या दहा टक्क्यांनी ४० टक्के नेले, दुसऱ्या दहा टक्क्यांनी ६० टक्के. लागोपाठ दोन तिमाही मंदीच्या गेल्या की दुसऱ्या निकालाला बाजार जास्त हादरतो, त्यामागे बरेचदा हेच गणित असते. म्हणून गेल्या वर्षीचा डीएफएल यंदा वापरू नका. ताज्या आकड्यांवर नव्याने काढा.

ईबीआयटी व्याजाच्या बरोबरीला आला की छेद शून्य होतो आणि डीएफएल निघतच नाही. त्याच्याही खाली गेला तर उत्तर ऋण येते. ईबीआयटी १ कोटी आणि व्याज २ कोटी असेल तर डीएफएल उणे १ येतो. हा आकडा लहान दिसतो म्हणून धोका कमी, असे समजणारे लोक असतात. अशा वेळी डीएफएल बाजूला ठेवायचा आणि सरळ पाहायचे की व्याजाला किती कोटी कमी पडत आहेत आणि ते कुठून येणार.

सहावी पायरी: विक्री कशामुळे घटली ते विचारा

वरच्या तक्त्यात एक गृहीतक दडलेले आहे: नग कमी गेले म्हणून विक्री घटली. नग तेवढेच गेले आणि दर १० टक्के कमी मिळाला तर? मग भंगार तेवढेच लागले, वाळू तेवढीच लागली, बदलता खर्च २४ कोटीच राहिला. अंशदान ३६ वजा २४, म्हणजे १२. ईबीआयटी २. व्याज २. ईपीएस शून्य. तीच १० टक्क्यांची घट, पण ४० टक्क्यांऐवजी सगळीच मिळकत गेली.

उलटही होते. कास्टिंगच्या कितीतरी करारांत कच्च्या मालाचा भाव घसरला की विक्रीचा दरही त्या प्रमाणात कमी करून दिला जातो. तेव्हा विक्री घटलेली दिसते, पण अंशदान रुपयांत जवळपास तेवढेच राहते आणि ईपीएस हलतही नाही. त्यामुळे डीसीएल लावण्याआधी निकालासोबतच्या टिपणीत टनांचे आकडे शोधा. टन आणि रुपये एकाच प्रमाणात हलले असतील तरच ४ चा गुणक लागू पडतो.

सातवी पायरी: व्याज खरेच स्थिर आहे का ते तपासा

डीएफएलचे सूत्र व्याज हलत नाही असे धरून चालते. आपल्याकडे बँकांची बहुतेक धंदा-कर्जे बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. अडीच टक्क्यांची ही वाढ आपल्या फौंड्रीच्या कर्जात पूर्ण उतरली असे धरा. व्याज २ वरून २.५ कोटी. विक्री तीच, ईबीआयटी तोच ६ कोटी, तरी ईपीएस १० वरून ८.७५. डीएफएल १.५ वरून १.७१. आणि त्याच वर्षी विक्रीही १० टक्के घटली तर ईपीएस ४.७५, म्हणजे निम्म्याहूनही खाली. म्हणून डीएफएल काढला की लगेच एक जोडहिशेब करायचा: दर १ टक्क्याने वाढला तर व्याज किती रुपयांनी वाढेल आणि समभागामागे किती कमी होतील. इथे २० लाख रुपये आणि समभागामागे ५० पैसे.

कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा उचलायच्या कर्जाचीही हीच गत. मंदीत ग्राहक पैसे उशिरा देतात, माल गोदामात पडून राहतो, मर्यादेतून जास्त उचल होते आणि विक्री घटत असतानाच व्याज वाढते. सूत्र हे दाखवत नाही; ताळेबंदातली येणी आणि साठा दाखवतात.

हप्ता पुढे ढकलला म्हणजे भार हलका झाला, असेही नव्हे. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते स्थगित ठेवण्याची मुभा दिली होती. त्या काळात रोकड वाचली, पण व्याज चढतच होते आणि नफा-तोटा पत्रकात ते मांडावे लागत होते. डीएफएल काढताना भरलेले व्याज नाही, आकारलेले व्याज धरायचे.

आठवी पायरी: खऱ्या अहवालातून आकडे उचला

आपल्याकडच्या नफा-तोटा पत्रकात ईबीआयटी नावाची ओळ सहसा नसते. करपूर्व नफा घ्या, त्यात फायनान्स कॉस्ट्स मिळवा. मग अदर इन्कम आणि एक्सेप्शनल आयटेम्स बाजूला काढा. जमीन विकून आलेले ३ कोटी ईबीआयटीत राहिले तर डीएफएल कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी तुमचा अंदाज साफ चुकतो. फायनान्स कॉस्ट्समध्ये भाडेकरारांवरचे व्याजही असते. तेही द्यावेच लागते, म्हणून ते राहू द्या.

स्थिर आणि बदलत्या खर्चाची फोड अहवालात मिळत नाही. वापरलेला कच्चा माल बदलता, घसारा आणि बहुतांश पगार स्थिर, आणि इतर खर्चांची टीप उघडून ओळीओळीने निवड करायची. त्यामुळे डीएफएल बऱ्यापैकी नेमका निघतो आणि डीसीएल अंदाजे. त्याला दशांश लावत बसू नका. ‘चारच्या आसपास’ एवढे पुरे.

प्राधान्य समभाग असतील तर त्यांचा लाभांशही समभागधारकांच्या आधी जातो, पण तो करानंतरच्या नफ्यातून. म्हणून सूत्रात घेताना तो करपूर्व करून घ्यावा लागतो. लाभांश ३० लाख असेल तर ०.३ ला ०.७५ ने भागा, ०.४ कोटी येतात. डीएफएल = ६ ÷ (६ − २ − ०.४) = १.६७. थेट ०.३ वजा केले तर उत्तर १.६२ येते आणि लिव्हरेज थोडी कमी भासते.

शेवटी एक जागा जरूर पाहा: बांधकाम चालू असलेली मालमत्ता, म्हणजे कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस. नवा कारखाना उभा राहत असताना त्यासाठीच्या कर्जावरचे व्याज लेखामानकानुसार मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते. नफा-तोटा पत्रकात ते येतच नाही. डीएफएल तोवर सौम्य दिसतो. कारखाना सुरू झाला की त्याचे व्याज आणि त्याचा घसारा दोन्ही एकदमच पत्रकात उतरतात, डीओएल आणि डीएफएल दोन्ही एकाच तिमाहीत वाढतात, आणि नव्या भट्टीला ऑर्डरी मिळायला अजून वेळ असतो. रोकड प्रवाह पत्रकातले भरलेले व्याज हे फायनान्स कॉस्ट्सपेक्षा बरेच जास्त दिसले, तर भांडवली केलेल्या व्याजाची टीप शोधा आणि ते व्याज मिळवून डीएफएल पुन्हा काढा.